खंडोजी बिन सुभानजी, पण कुठला?

बडोद्यातल्या मराठी घरांत एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "आम्ही मूळचे साताऱ्याकडचे." साताऱ्याकडचे म्हणजे कुठल्या गावचे, असं विचारलं की समोरचा माणूस घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बघतो आणि तो म्हातारा भिंतीवरच्या फोटोकडे. गायकवाडांबरोबर कोणीतरी घोडा घेऊन आलं, इथे जमीन मिळाली, वाडा बांधला, एवढीच काय ती गोष्ट शिल्लक असते.

माझ्या एका स्नेह्याच्या घरी ही गोष्ट, आणि तिच्यासोबत दोन मोडी कागद होते. दांडिया बाजारात जुनं घर, आडनाव शिलेदार. (नावं, आडनाव आणि मूळ गाव मी बदललं आहे, घडलेलं तसंच ठेवलं आहे.) शिलेदार हे आडनावच आधी लक्षात घ्या. ज्याचा स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार, तो शिलेदार. ज्याला सरकारी घोडा मिळायचा, तो बारगीर. म्हणजे हे आडनाव हुद्द्यावरून इथे, बडोद्यात चिकटलेलं. मूळ गावी जाऊन "इथे शिलेदार राहायचे का?" असं विचारलं तर सगळे खरं तेच सांगणार: नाही. फडणीस, पागे, चिटणीस, पोतनीस या सगळ्यांचं असंच आहे. पूर्वज शोधताना आडनाव हे सगळ्यात कच्चं टोक असतं. पक्कं टोक म्हणजे जमीन, कारण ती जागची हलत नाही आणि तिच्यावर कोणाचं नाव लागलं, कोणाचं कमी झालं, हे कोणीतरी दर वेळी लिहून ठेवतं.

म्हणून मोडी कागद आधी उघडायचे नाहीत, असं मी त्याला सांगितलं. ते शेवटी. आधी आपल्याला ठाऊक असलेल्या शेवटच्या माणसापासून मागे जायचं.

शिलेदारांची पादरा तालुक्यात जमीन होती आणि ती "कायद्यात गेली", हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हे बडोद्यातल्या शेकडो मराठी घरांचं दुखणं आहे. मुंबई राज्याच्या कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरला होता. त्या दिवशी जो जमीन कसत होता, तो कूळ तिचा विकत घेणारा मानला गेला. शहरात राहणाऱ्या मालकांच्या जमिनी अशा गेल्या. घरच्यांसाठी ती तारीख वाईट, पण शोध घेणाऱ्याला तिचा उपयोग होतो. जमीन जाताना मालक कोण, तो कोणाचा वारस आणि त्याचे हिस्सेदार कोण, याची नोंद करावीच लागली.

ही नोंद गाव नमुना सहामध्ये असते. गुजरातीत त्याला हक्कपत्रक म्हणतात, महाराष्ट्रात फेरफार. दोन्ही राज्यं १९६०पर्यंत एकच असल्यामुळे नमुन्यांचे आकडे दोन्हीकडे सारखे आहेत, ही बडोदेकराची सोय आहे. सातबारा पाहिला की प्रत्येक नावाशेजारी एक आकडा दिसतो. तो फेरफाराचा क्रमांक. ते नाव तिथे कसं आलं याची हकिगत नमुना सहामध्ये त्या क्रमांकाखाली मिळते. त्या हकिगतीत आधीच्या माणसाचं नाव येतं. मग जुन्या सातबारावर त्या नावाशेजारचा आकडा पाहायचा आणि आणखी मागचा फेरफार काढायचा. जिना उतरावा तसं हे काम आहे, एकेक पायरी. गुजरातच्या एनीआरओआर संकेतस्थळावर `OLD SCANNED VF-6 ENTRY DETAILS` असा पर्याय आहे. तिथे जुनी पानं नसतील किंवा वाचता येत नसतील, तर मामलतदार कचेरीत नक्कल मागायची.

स्नेह्याला दोन पायऱ्यांतच हवं ते मिळालं. १९५७नंतरच्या नोंदीत मालक म्हणून त्याच्या आजोबांचं नाव होतं, वडिलांचं नाव नारायणराव. त्याआधीच्या नोंदीवरून नारायणरावांचे वडील बापूजी. पुढे जिना संपला, कारण बडोदा संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याआधीचं दफ्तर वेगळ्या घडणीचं आहे.

इथे एक शब्द माहीत असावा लागतो: बारखळी. संस्थानात ज्या जमिनीचा सारा सरकारात जमा व्हायचा, ती खालसा. इनाम, वतन, देवस्थान, चाकरी अशा कारणानं ज्यांचा सारा माफ किंवा कमी होता, त्या जमिनी बारखळी. गुजरातीत 'बार' म्हणजे बाहेर. ज्या खळ्यातून सरकार आपला वाटा उचलत असे, त्या खळ्याबाहेरची जमीन, असा त्याचा अर्थ सांगतात. सयाजीराव तिसऱ्यांच्या राज्यात या सगळ्या बारखळी जमिनींची चौकशी झाली. जमीन कोणी दिली, कधी दिली, कशाबद्दल दिली आणि आज खाणारा मूळ माणसाचा कोण लागतो, हे प्रत्येकाला सिद्ध करावं लागलं. म्हणजे सनदेची नक्कल जोडायची आणि वंशावळ लिहून द्यायची. गुजरातीत पेढीनामुं म्हणतात तेच हे. जुनी संस्थानी दफ्तरं बडोद्यात कोठी इमारतीतल्या अभिलेखागारात आहेत. तिथे जाताना "आमच्या घराण्याबद्दल काही आहे का?" असं विचारून काही हाती लागत नाही. गाव, तालुका, जमिनीचा प्रकार आणि अंदाजे काळ सांगितला तरच रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, निघतो. शिलेदारांकडे हे सगळं आता होतं, कारण जिना त्यांनी खालून चढायला घेतला नव्हता.

बारखळीच्या कागदांतली वंशावळ आणि घरात सांगितली जाणारी वंशावळ सारखीच निघाली: खंडोजी, त्यांचे बापूजी, त्यांचे नारायणराव आणि त्यांचा मुलगा म्हणजे स्नेह्याचे आजोबा. दोन्हीकडे सारखी, म्हणून सगळे खूश.

आणि आता ते दोन मोडी कागद.

मोडी शिकायला जितकी अवघड वाटते तितकी नाही. पंधरा-वीस दिवस रोज तासभर बसलं की अक्षरं लागायला लागतात. खरी अडचण अक्षरांच्या पलीकडची असते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं टांगत जातात, त्यामुळे शब्दांमध्ये जागा नसते. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, अनुस्वार बहुतेक वेळा गाळलेला असतो. म्हणजे कागदावरचं 'चिचोली' हे चिंचोली असू शकतं आणि 'शिदे' हे शिंदे. शिवाय नेहमीचे शब्द आखडून लिहिलेले: सुहूर सन या कालगणनेसाठी सु॥, मौजेसाठी मौ॥. ठरावीक मायना एकदा पाठ झाला की या खुणा आपोआप उलगडतात.

त्यांच्या पहिल्या कागदातली कामाची ओळ अशी होती:

"राजश्री खंडोजी बिन सुभानजी मोकदम मौजे निमगाव तर्फ खेड प्रांत जुन्नर हाली वस्ती कसबे बडोदे"

या एका ओळीनं साताऱ्याची गोष्ट संपली. बिन म्हणजे मुलगा. मोकदम म्हणजे पाटील. हाली वस्ती म्हणजे सध्या राहणार. म्हणजे हे पुणे जिल्ह्यातले, जुन्नर प्रांतातले पाटील. 'तर्फ खेड' हे दोन शब्द इथे सोन्याच्या मोलाचे आहेत. नुसतं निमगाव असतं तर? निमगाव केतकी इंदापुरात आहे, निमगाव म्हाळुंगी शिरूरमध्ये, निमगाव जाळी संगमनेरात. खेडचं निमगाव दावडीच्या शेजारी आणि दावडी हे गायकवाडांचं मूळ गाव. मालकाच्या शेजारच्या गावातला पोरगा मालकाच्या फौजेत जातो, हे पटण्यासारखं आहे. पटण्यासारखं आहे म्हणून खरं धरायचं नाही, पण दिशा मिळाली.

साल कसं काढायचं ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळा घोळ इथेच झाला.

मराठेशाहीतल्या कागदांवर बहुतेक वेळा सुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नसून अरबी शब्दांत लिहिलेला असतो. आधी एकम, मग दहम, मग शतक, मग हजार, अशा उलट्या क्रमानं. एक ते नऊ: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर, पुढे वीस अशरीन, तीस सलासीन, चाळीस अर्बैन, पन्नास खमसैन, साठ सितैन, सत्तर सबैन, ऐंशी समानीन, नव्वद तिसैन. शंभर म्हणजे मया, दोनशे मयातैन, हजार अलफ.

पहिल्या कागदावर होतं: "सु॥ सन खमस सबैन मया व अलफ". पाच, सत्तर, शंभर आणि हजार. सुहूर ११७५. सुहूर वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या आसपास बदलतं. म्हणून जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते पुढच्या मृगापर्यंत ६००. वर्ष आलं १७७४-७५. कागदाच्या शेवटी "छ १२ जमादिलावल" असं होतं. छ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्यातली तारीख. त्या वर्षी जमादिलावल महिना जुलैत पडला होता, तेव्हा कागद १७७४च्या जुलैतला.

इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात. महिन्यांची नावं मुसलमानी, म्हणून सनही हिजरी असणार असं धरतात. हिजरी ११७५ म्हणजे १७६१-६२. तेरा वर्षांचा फरक. पानिपतच्या आगेमागे तेरा वर्षं म्हणजे सगळी कथाच बदलते.

दुसरा कागद सनद नव्यानं करून दिल्याचा होता. त्यातही नाव तेच, "खंडोजी बिन सुभानजी". हा कागद घरच्यांनी काही वर्षांपूर्वी एका वाचकाला पैसे देऊन वाचून घेतला होता. त्यानं साल सांगितलं होतं १७२९. घरात त्याचा मोठा अभिमान! "बडोदं मराठ्यांच्या हाती कायमचं आलं १७३४ला, आमचे खंडोजी त्याच्या आधीपासून इथे."

मी कागद भिंगाखाली धरला. "सन सलासीन" इथपर्यंत ठीक, तीस. पुढचा शब्द त्या वाचकानं मया वाचला होता. पण मया संपल्यावर रेघेला आणखी दोन अक्षरं टांगलेली होती, घडीच्या दुमडीत, शाई उडालेली. मयातैन. शंभराच्या जागी दोनशे. सुहूर ११३० नव्हे, १२३०. म्हणजे १८२९-३०.

नुसत्या दोन पुसट अक्षरांवर शंभर वर्षं हलवणं बरं नव्हे, म्हणून दुसरी खूण शोधली. मायन्यात सनद देणाऱ्याचं नाव होतं: सयाजीराव गायकवाड सेनाखासखेल समशेर बहादर. १७२९ साली गायकवाडांचे कर्ते होते पिलाजीराव. सयाजीराव नावाचा गादीवरचा माणूस तेव्हा नव्हताच. १८२९ला मात्र सयाजीराव दुसरे राज्यावर होते. मोडी तारीख वाचली की त्या तारखेला कागदातलं मोठं नाव जिवंत आणि त्या पदावर होतं का, हे ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. त्या वाचकानं ती घेतली नाहीत.

अभिमान गेला, आणि त्यापेक्षा मोठी अडचण उभी राहिली. १७७४ला खंडोजी बिन सुभानजी. १८२९लाही खंडोजी बिन सुभानजी. पंचावन्न वर्षांनी तोच माणूस सनद नवी करून घेतो?

मग कागद बाजूला ठेवून आम्ही नुसता हिशोब केला. १७७४ला खंडोजी तीस वर्षांचे धरले तर जन्म १७४४चा. आजोबा १९५७ला सत्तर वर्षांचे, जन्म १८८७चा. दोन जन्मांत १४३ वर्षांचं अंतर. घरच्या वंशावळीत खंडोजी, बापूजी, नारायणराव, आजोबा, म्हणजे मध्ये तीनच टप्पे. एका टप्प्याला जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं पडतात. प्रत्येक पिढीत वारस बापाच्या अठ्ठेचाळिशीत जन्मला, असं एखाद्या घरात एकदा होईल, ओळीनं तीनदा नाही. साधारण पंचवीस ते तेहतीस वर्षांना एक पिढी धरतात. त्या मानानं इथे दोन माणसं गायब होती.

ती कुठे गेली ते आपल्या घरांतल्या रीतीवरून कळतं. आजोबांचं नाव नातवाला. सुभानजींचे खंडोजी, खंडोजींचे पुन्हा सुभानजी, त्यांचे पुन्हा खंडोजी. पहिला खंडोजी सुभानजीचा मुलगा आणि तिसऱ्या पिढीतला खंडोजीही सुभानजीचाच मुलगा. लेखी नाव अक्षरशः एकच. बारखळीच्या चौकशीत वंशावळ लिहून देणाऱ्यानं मूळ सनद पाहिली, नवी सनद पाहिली, दोन्हींवर एकच नाव दिसलं आणि त्यानं दोघांचा एक खंडोजी करून टाकला. मधला सुभानजी त्यात विरघळला. आता टप्पे पाच आणि एका टप्प्याला साडेअठ्ठावीस वर्षं. बसतं.

घरची वंशावळ आणि सरकारी वंशावळ जुळली म्हणून सगळे निश्चिंत होते ना, त्यातला फोलपणा इथे दिसतो. घरच्यांना ती चार नावं त्या सरकारी कागदाच्या घरातल्या नकलेवरूनच पाठ झाली होती. दोन साक्षीदार वाटत होते, तो एकच होता. आणि चौकशीतल्या वंशावळीबद्दल एरवीही सावध राहावं. ती जमीन राखण्यासाठी लिहिलेली असते. ज्याच्याकडे हिस्सा नाही, तो भाऊ तिच्यात नसतो. दत्तक गेलेला मुलगा नव्या बापाच्या नावानंच येतो. बायका तर नवरा मेल्यावर, निपुत्रिक असल्या तरच दिसतात, "अमकी कोम तमका" अशा. कोम म्हणजे बायको. माहेर कधीच लिहिलेलं नसतं.

बडोद्याची बाजू इथे संपली. निमगावच्या बाजूला कामाचा म्हणून आधी सुचतो तो कोतवाल बुक, गाव नमुना चौदा. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू कळवायचा आणि त्याची नोंदवही तयार व्हायची: तारीख, नाव, बापाचं नाव, जात. जुनी पानं बहुधा मोडीत असतात आणि नक्कल तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून मिळते. महाराष्ट्रात अलीकडे कुणबी नोंदींच्या निमित्तानं ही बुकं पुष्कळ उघडली गेली. पण स्नेह्याला मी आधीच सांगितलं होतं, त्यात खंडोजी सापडणार नाहीत. ही बुकं इंग्रजी अमलातली, खंडोजी त्याच्या कितीतरी आधी गाव सोडून गेलेले. जो गावात जन्मला-मेला नाही त्याची नोंद कोण कळवणार? महसुली मोजणीची कागदपत्रंही इंदापुरापासून १८३६ला सुरू झालेली, म्हणजे तीही उशिराचीच.

गाव सोडलेल्या माणसाचा मागे राहिलेला एकच धागा: वतन. पाटीलकीत त्याचा हिस्सा असतो, तो गेला तरी हक्क जात नाही, आणि भाऊबंद त्यावर भांडतात. भांडण झालं की कागद होतात. इंग्रजांनी १८५२च्या कायद्यानं इनामांची चौकशी केली, पुढे १८७४चा वतन कायदा आला आणि वतनदारांच्या नोंदवह्या झाल्या. दोन्ही वेळी पुन्हा तेच, वंशावळ द्या.

तिथे निमगावच्या पाटलांच्या एका शाखेनं दिलेली वंशावळ मिळाली. त्यात वर सुभानजी आहेत. त्यांना मुलगा एक दाखवला आहे आणि तो खंडोजी नाही.

आता याचे दोन अर्थ. बडोद्याला गेलेल्या भावाला हिस्सा द्यायचा नव्हता म्हणून गावच्या भावानं त्याला गाळलं, किंवा हा सुभानजी वेगळाच. सुभानजी काही दुर्मिळ नाव नव्हे. स्नेही पहिल्या अर्थाला धरून बसला आहे. मला तो बराच शक्य वाटतो, पण सिद्ध नाही. त्याच्या तक्त्यात बडोद्याची माणसं शाईनं लिहिली आहेत आणि सुभानजीपासून निमगावकडे जाणारी रेघ मी त्याला पेन्सिलनं काढायला लावली.

ठरवायचं असेल तर १७७४च्या आधीचा, भावांच्या वाटणीचा किंवा पाटीलकीच्या तंट्याचा कागद हवा, ज्यात दोन्ही भावांची नावं एकत्र येतील. असा कागद असलाच तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात, जुन्नर प्रांताच्या रुमालांत. पुण्याच्या अर्जात त्यानं आडनाव घातलेलं नाही. प्रांत जुन्नर, तर्फ खेड, मौजे निमगाव, मोकदमी, सुहूर सन ११४० ते ११७५, एवढंच लिहिलं आहे.